कणीक वाळायच्या आत

"ताई, कणीक वाळली."

भजनसंध्येचे प्रास्ताविक करून मी खाली बसले, तेव्हा आमच्या पखवाजवाल्या काकांनी माझ्याकडे झुकून हळूच एवढेच सांगितले. पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओल्या कणकेचा गोळा थापतात. त्या वजनामुळे डाव्या बाजूचा आवाज खाली उतरतो, भरीव होतो. कणीक वाळू लागली की वजन घटते, आवाज वर चढतो आणि थाप पोकळ वाटू लागते. काकांनी सव्वासहाला पखवाज पेटीशी मिळवून ठेवला होता. त्यानंतर मी सतरा मिनिटे बोलले. वर पंखा फिरत होता. माझे बोलणे संपेपर्यंत कणकेच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या. मग काकांनी बोटे पाण्यात बुडवून ती पुन्हा मळली, पुन्हा थापली, गट्ट्यांवर हातोडी मारून पखवाज सुरात आणला. त्यात आणखी पाच-सहा मिनिटे गेली. पहिल्या रांगेतल्या एका आजींचे रात्रीचे इंजेक्शन साडेआठला असायचे. त्या दिवशी त्यांना भैरवीआधीच उठावे लागले.

या गोष्टीला बरीच वर्षे झाली. तेव्हापासून मी तीन मिनिटांच्या वर कधी बोलले नाही. ठाय लयीत, सगळ्यांना समजेल असे बोलायचे तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. म्हणजे हातात तीनशे शब्द. एवढ्यात वडीलधाऱ्यांचे स्वागतही व्हायला हवे आणि आजच्या भजनाचा विषयही समजायला हवा. हे कसे जमवायचे, ते एका कार्यक्रमाच्या आधाराने सांगते.

गावाकडच्या सप्ताहात असे प्रास्ताविक नसते. वीणा उभी राहते, टाळकरी दोन्ही बाजूंना उभे राहतात, 'जय जय रामकृष्ण हरी' सुरू होते आणि बसलेल्या प्रत्येकाला पुढचा क्रम ठाऊक असतो. रूपाचा अभंग कधी, गौळण कधी, पसायदान कधी, हे कोणी कोणाला सांगत नाही. शहरातल्या सोसायटीच्या हॉलमध्ये तसे नसते. तिथे पंढरीची वारी केलेले आजोबा असतात, त्यांची इंग्रजी शाळेत जाणारी नात असते, शेजारच्या इमारतीतले गुजराती काका-काकू असतात आणि 'आज काहीतरी भजन आहे' एवढेच कळलेले तरुण जोडपेही असते. या सगळ्यांना एका सतरंजीवर आणण्यासाठी चार शब्द लागतात. चारच.

आधी स्वागताचे बघू. सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो आणि सगळ्यात जास्त मने तिथेच दुखावतात. बारा ज्येष्ठांची नावे घेतली आणि तेरावे राहिले, तर ते आजोबा घरी जाऊन बोलून दाखवणार नाहीत, पण पुढच्या वेळी येणारही नाहीत. शाल-श्रीफळ द्यायचे तर एका माणसामागे दोन मिनिटे धरा. नाव पुकारायचे, त्यांनी गुडघ्यावर हात टेकून उठायचे, पुढे यायचे, फोटो, टाळ्या, परत जागेवर. पाच सत्कार म्हणजे दहा मिनिटे, आणि तोवर कणीक वाळलेली. म्हणून आमच्याकडे सत्कार असतील तर ते चहाच्या वेळी होतात, माणूस जिथे बसला आहे तिथे जाऊन. वयाने मोठ्या माणसाला उठवून पुढे बोलावण्यापेक्षा आपण त्याच्याकडे चालत जाणे मला केव्हाही बरे वाटते.

हाक कशी मारायची, हाही प्रश्नच. 'ज्येष्ठ नागरिक' हा बँकेच्या खिडकीवरचा आणि एसटीच्या तिकिटावरचा शब्द आहे. तो भजनात कोरडा लागतो. सगळ्यांना सरसकट 'आजी-आजोबा' म्हटले तर बासष्ट वर्षांच्या बाई मनातून खट्टू होतात, आणि ते साहजिक आहे. 'वडीलधारी मंडळी' हा शब्द मला बरोबर वाटतो. त्यात वयही येते आणि धाकट्यांवर असलेले छत्रही येते. आणि सगळ्यांसाठी 'माउली'. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात तेव्हा समोरच्याचे वय बघत नाहीत. ऐंशी वर्षांचे बुवा विशीतल्या टाळकऱ्यासमोर वाकतात. 'माउली' म्हटले की ती सगळी रीत एका शब्दात येते.

वडीलधाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट करायची असते. वयाबरोबर ऐकू कमी येते तेव्हा आधी बारीक, टोकदार आवाज जातात: स, श, फ, त, ख. बोलण्याचा सूर कानावर येतो, पण शब्द निसटतो. अशा वेळी माइकचा आवाज वाढवून काही होत नाही, उलट हॉल घुमतो आणि आहे तेही कळेनासे होते. सावकाश बोलावे, वाक्य छोटे ठेवावे आणि माइक तोंडाच्या किंचित खाली धरावा, म्हणजे ओठ दिसतात. बऱ्याच म्हाताऱ्या माणसांना ओठ बघून अर्धे कळते. आपण ओठ वाचतो हे त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आलेले नसते. आणि कार्यक्रम किती वाजता संपणार, हे सुरुवातीलाच सांगावे. औषध, इंजेक्शन, न्यायला येणारा मुलगा, सगळे त्या वेळेवर बांधलेले असते. 'पावणेनऊला पसायदान' एवढे दोन शब्द कानावर पडले की पहिल्या दोन रांगांमधले खांदे सैल झालेले दिसतात. मी ते दर वेळी पाहते.

आता विषय. आम्ही एका कार्तिकी एकादशीला 'जात्यावरची जनाबाई' हा विषय घेतला होता. सगळे अभंग जनाबाईंचे आणि धागा एकच, घरकाम. आधी कोणीतरी 'संत कवयित्री' असा विषय सुचवला होता. मुक्ताबाई, जनाबाई, सोयराबाई, कान्होपात्रा, बहिणाबाई, सगळ्या थोर. पण पाच जणींची ओळख तीन मिनिटांत करून द्यायची म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला नाव, गाव आणि 'महान' हे विशेषण, एवढेच. ऐकणाऱ्याच्या हातात काही राहत नाही. विषय अरुंद असला तरच तीन मिनिटांत खोल जाता येते.

जनाबाईंविषयी सांगण्यासारखे खूप आहे. गंगाखेड हे गोदावरीकाठचे, आजच्या परभणी जिल्ह्यातले गाव त्यांचे. लहानपणीच त्या पंढरपुरात दामाशेटींच्या, म्हणजे नामदेवांच्या वडिलांच्या घरी आल्या आणि त्या घरात राबत राहिल्या. त्यांच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग आहेत. पंढरपूरजवळ गोपाळपूरला आजही त्यांचे म्हणून जाते दाखवतात. हे सगळे मी पहिल्या मसुद्यात लिहिले होते आणि मग त्यातले जवळपास सगळे काढले. चरित्र सांगितले की माणसे शाळेत बसल्यासारखी ऐकतात. विषय समजावणे म्हणजे माहिती देणे नव्हे. पुढच्या दोन तासांत कान कुठे लावायचा, एवढे सांगणे पुरेसे असते.

जनाबाईंच्या बाबतीत ती जागा मला दोन ठिकाणी सापडली.

एक आहे अभंगाचा शेवट. संतांची नाममुद्रा शेवटच्या चरणात येते. 'तुका म्हणे' सगळ्यांना पाठ असते. जनाबाई मात्र स्वतःला एकाच नावाने हाक मारत नाहीत. कुठे नुसती जनी, कुठे दासी जनी, कुठे नामयाची जनी. म्हणजे शेवटचा चरण आला की, आता ती स्वतःला काय म्हणते, याची उत्सुकता लागते. हे सांगायला दोन वाक्ये लागतात आणि मराठी अर्धवट समजणारी नातसुद्धा ते पकडू शकते.

दुसरी आहे जाते. जनाबाईंबरोबर विठ्ठल दळू लागतो, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ती चमत्काराची कथा म्हणूनच माझ्या डोक्यात होती. विषय ठरल्यावर मी आमच्या मजल्यावरच्या आजींना सहज विचारले, तुम्ही कधी दळलंत का हो? त्या सातारा जिल्ह्यातल्या, वय त्र्याऐंशी. त्यांनी जमिनीवर न बसता, खुर्चीतच, उजवा हात पुढे करून खुंटा धरल्यासारखी मूठ वळली आणि हात फिरवायला लागल्या. डाव्या हाताने मधूनच वैरण घातल्यासारखे केले, म्हणजे जात्याच्या तोंडात मूठभर दाणे टाकल्यासारखे. साठ वर्षांनंतरही त्या हातांना फेरा आठवत होता. त्या म्हणाल्या, "मोठं जातं असलं की समोर दुसरी बाई लागायची. तिचा हात खुंट्यावर आला की अर्धं वजन जायचं बघ. एकटीनं ओढायचं म्हणजे खांदा भरून यायचा. सासूनं समोर बसावं असं वाटायचं, पण कोण बसणार?"

त्या क्षणी ती कथा मला समजली. विठ्ठल जनीच्या समोर बसला, म्हणजे खुंट्यावर दुसरा हात आला. पहाटेच्या अंधारात, बाकीचे घर झोपलेले असताना, जिच्या समोर बसायला कोणी नव्हते तिच्या समोर तो येऊन बसला. ज्याने जाते ओढलेले नाही त्याला यातला चमत्कार दिसतो. ज्याने ओढलेले आहे त्याला त्यातले वजन कळते.

आणि मग प्रास्ताविकाचा प्रश्नही सुटला. मी इतकी वर्षे स्वागत आणि विषय असे दोन तुकडे करत होते. आधी वडीलधाऱ्यांना नमस्कार, मग वळून विषयाची ओळख. पण आजचा विषय या हॉलमध्ये कोणाला सर्वांत चांगला कळतो? पहिल्या दोन रांगांनाच. पिठाच्या गिरण्या गावोगाव पोहोचण्याआधी ज्यांनी पहाटे दळले, त्या बायका आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या अशाच बायकांच्या तोंडून. त्यांचे स्वागत करायचे ते वय झाले म्हणून नव्हे. आजच्या विषयाच्या साक्षीदार म्हणून करायचे. असे केले की स्वागत हाच विषयाचा पहिला परिच्छेद होतो.

त्या संध्याकाळी मी जे बोलले ते असे:

"रामकृष्ण हरी, माउली. वडीलधारी मंडळी, आधी तुम्हाला नमस्कार. जिने चढून, ऊन उतरायची वाट बघून तुम्ही आलात. पावणेनऊला पसायदान होईल, साडेसातला चहा आहे. मध्येच उठावंसं वाटलं तर निःसंकोच उठा, डावीकडची वाट मोकळी ठेवली आहे.

आज एक विचारायचं आहे. इथं बसलेल्यांपैकी कोणी जात्यावर दळलं आहे? हात वर कराल का?"

इथे मी थांबले. नऊ हात वर आले. मागच्या रांगांमधली मुले वळून वळून बघू लागली. दोन हात पुरुषांचे होते, आईच्या समोर बसून दळलेले. मग पुढे:

"मुलांनो, हे हात बघून ठेवा. आजचे अभंग या हातांना आधीपासून माहीत आहेत. आज आपण जनाबाईंना ऐकणार आहोत. सातशे वर्षांपूर्वी पंढरपुरात, नामदेवांच्या घरी, त्या दळत होत्या, कांडत होत्या, पाणी भरत होत्या, गोवऱ्या थापत होत्या. देवासाठी त्यांना वेगळा वेळ मिळाला नाही. त्यांनी कामातच देवाला बोलावलं.

मोठं जातं एकटीनं ओढवत नाही. समोर दुसरा हात लागतो. जनाबाईंच्या समोर विठ्ठल येऊन बसला, असं परंपरा सांगते. तो हात किती मोलाचा, ते या आज्यांना विचारा.

आज अभंग ऐकताना एकच करा. शेवटचा चरण आला की कान द्या. जनाबाई तिथे स्वतःचं नाव घालतात, पण दर वेळी सारखं नाही. कधी जनी, कधी दासी, कधी नामयाची. कुठल्या अभंगात त्या स्वतःला काय म्हणतात, ते लक्षात ठेवा आणि चहाच्या वेळी या आज्यांना सांगा. त्या तुम्हाला दळणाचं सांगतील.

पखवाज लागला आहे, टाळ हातात आहेत. बोला, पुंडलिक वरदे..."

पुढचे 'हरि विठ्ठल' सगळ्या हॉलने म्हटले आणि त्या आवाजातच बुवांनी पेटीवर सूर धरला. हात वर होण्याची वाट बघितली ती धरून पावणेतीन मिनिटे.

यातल्या दोन-तीन जागांबद्दल सांगायला हवे. 'परंपरा सांगते' हे मी मुद्दाम म्हणते. कथेला कथा म्हणून सांगितले की श्रद्धा असलेला दुखावत नाही आणि शंका घेणारा नातू वाद घालायला उठत नाही. दोघेही पुढचे ऐकतात. शेवटी 'धन्यवाद' म्हणत नाही, कारण धन्यवाद म्हटले की टाळ्या पडतात, टाळ्यांनंतर खुर्च्या सरकतात, कोणीतरी फोन बघतो आणि बुवांना शांततेतून नव्याने उठावे लागते. 'पुंडलिक वरदे' म्हटले की पुढचे शब्द लोकांच्या तोंडात तयार असतात. बोलणाऱ्याचा आवाज लोकांच्या आवाजात जातो आणि लोकांचा बुवांच्या सुरात. याला जोड दिसता कामा नये. म्हणूनच मी प्रास्ताविक गजराच्या आधी ठेवते. एकदा गजर झाला की मध्ये बोलायला उठणे मला पटत नाही. रंग चढायला वीस मिनिटे लागतात आणि उतरायला एक घोषणा पुरते.

हात वर करायला सांगण्यात धोकाही आहे. कोणाचाच हात वर आला नाही तर? म्हणून मी आधी दोघी-तिघींना विचारून ठेवले होते. त्या दिवशी नऊ निघाल्या, पण दोन नक्की आहेत हे माहीत असल्याशिवाय मी तो प्रश्न विचारला नसता.

सर्वांत मोठी चूक मात्र माइकवर होत नाही, ती आदल्या दिवशी होते. बुवांची यादी न बघता विषय जाहीर करायचा नाही. एका वर्षी मी जाहीर केले एक आणि गाणाऱ्यांनी बसवले होते दुसरे. मी सोयराबाईंवर बोलले, किशोरीताई आमोणकरांच्या भैरवीमुळे घराघरांत गेलेला अभंग सोयराबाईंचा आहे हे सांगितले, आणि पुढच्या दोन तासांत सोयराबाईंचा एकच अभंग झाला. लोक काही बोलले नाहीत. पण चहाच्या वेळी एका आजोबांनी, "सोयराबाई पुढच्या वर्षी का?" असे अगदी खरेपणाने विचारले, तेव्हा मला उत्तर देता आले नाही. आता मी आदल्या संध्याकाळी बुवांसमोर कागद घेऊन बसते. नऊ अभंग, प्रत्येकाची नाममुद्रा, कोणता चहाआधी, कोणता नंतर. जनाबाईंच्या वेळी यादीत एक अभंग असा निघाला, की जो गातात जनाबाईंचा म्हणून, पण बुवांकडच्या गाथेत तो सापडेना. तो आम्ही काढला. जुन्या अभंगांत असे मिसळलेले बरेच असते. विषयच एका संताचा असेल तेव्हा तरी गाथा उघडून बघावी.

बोलणे लांबते आहे, हे ओळखायला घड्याळ लागत नाही. टाळकऱ्यांच्या हातातले टाळ आपोआप किणकिणू लागतात. त्यांच्या मनगटांना थांबवत नाही. पेटीवाले भात्यावर हात ठेवतात. आणि पखवाजवाले काका कणकेवर बोट दाबून बघतात. त्यांचे बोट कणकेवर गेले की मी असेल त्या वाक्याला 'पुंडलिक वरदे'कडे वळवते.

त्या कार्तिकीला साडेसातला चहा झाला तेव्हा साताऱ्याच्या त्या आजींभोवती सहा-सात मुले जमली होती. एका मुलीने नाममुद्रा वहीत लिहून आणल्या होत्या आणि ती त्या वाचून दाखवत होती. आजी खुर्चीत बसल्या बसल्या तिचा हात हातात घेऊन तिला खुंटा कसा धरायचा ते दाखवत होत्या. दोघींचे हात एकावर एक होते आणि फेरा गोल फिरत होता. चहा दहा मिनिटांऐवजी वीस मिनिटे चालला. त्या दहा मिनिटांसाठी बुवांनी आपणहून एक गौळण कमी केली आणि पसायदान ठरल्या वेळी, पावणेनऊलाच झाले.

येत्या एकादशीला तुमच्या हातात माइक आला, तर भाषणाचा कागद काढण्याआधी पहिल्या रांगेत जाऊन बसा आणि आजचा विषय तिथे कोणाला ठाऊक आहे ते विचारा. आणि उभे राहण्याआधी पखवाजवाल्यांना विचारा, कणीक लावून किती वेळ झाला.